"आता तरी छापा पडणारच": सलग वीस हरलेले टॉस आणि एका फॅनचे १२,७५० रुपये

(प्रकरण अभ्यास. माणसं खरी आहेत, नावं बदललीत, कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही. मॅचेस, तारखा आणि टॉसचे निकाल मात्र जसे झाले तसेच.)

## पार्श्वभूमी

निलेश नाशिकच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअर डिपार्टमेंटला आहे, वय पस्तीसच्या आसपास, आणि क्रिकेटच्या बाबतीत त्याला वेडा म्हटलं तर त्यालाच आनंद होतो. मॅच असली की मोबाईल रॅकच्या मागे उभा करून ठेवलेला असतो आणि मटेरियल घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला स्कोअर फुकट मिळतो. मी त्याच मजल्यावर बसतो म्हणून हे सगळं प्रकरण जवळून पाहिलं.

तर गोष्ट भारताच्या वनडे टॉसची. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादला वर्ल्डकप फायनलचा टॉस आपण हरलो (पुढचं आठवायला नको). त्यानंतर डिसेंबरात दक्षिण आफ्रिकेत तिन्ही वनडेत टॉस हरलो, ऑगस्ट २०२४ मध्ये श्रीलंकेत तिन्ही, फेब्रुवारी २०२५ मध्ये इंग्लंडविरुद्ध घरच्या मैदानावर तिन्ही. झाले दहा. आणि समोर दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफी.

पहिली मॅच २० फेब्रुवारीला बांगलादेशशी. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत निलेश म्हणाला, दहा वेळा उलटं पडलंय, आता नाणं आपल्या बाजूनं पडणारच, लिहून घ्या. आमच्या अकाउंट्सचे गायकवाड काका, रिटायरमेंटला आलेले शांत गृहस्थ, म्हणाले, मला तर दर वेळी फिफ्टी-फिफ्टीच दिसतं बाबा. मग लाव पन्नास. लागले पन्नास.

बोलायच्या सोयीसाठी काकांच्या छोट्या डायरीत "भारत टॉस जिंकला" म्हणजे छापा आणि "हरला" म्हणजे काटा असं लिहायचं ठरलं. मैदानात खरोखर कुठली बाजू वर आली त्याच्याशी याचा संबंध नाही, पण निलेशच्या डोक्यात मात्र ते एकच नाणं होतं आणि ते लागोपाठ दहा वेळा काट्यावर पडलं होतं.

## अडचण कशी वाढत गेली

निलेशनं पहिल्याच दिवशी एक नियम केला होता आणि तो त्याला फार हुशारीचा वाटत होता. हरलो की पुढच्या वेळी डबल. कधी ना कधी छापा पडणारच, आणि पडला की मागचं सगळं वसूल होऊन वर पन्नास सुटतात.

बांगलादेशला पन्नास गेले. २३ तारखेला पाकिस्तानविरुद्ध शंभर गेले, तो सलग बारावा, म्हणजे नेदरलँड्सचा सलग अकरा टॉस हरायचा रेकॉर्डही आपण मागे टाकला. न्यूझीलंडला दोनशे, ऑस्ट्रेलियाविरुद्ध सेमीला चारशे, ९ मार्चला फायनलला आठशे. पाचही टॉस हरले आणि गंमत म्हणजे पाचही मॅचेस जिंकल्या, ट्रॉफी घरी आली. ऑफिसात पेढे वाटले ते निलेशनंच, १५५० रुपये घालवलेल्या माणसानं.

इथे पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो कुणाच्या लक्षातच आला नाही. पुढची वनडे थेट ऑक्टोबरात. सात महिन्यांची फट. सोडून द्यायला याहून बरी वेळ नव्हती, रक्कमही पचण्यासारखी होती. पण निलेशसाठी ते सात महिने म्हणजे मुदत ठेव होती, तो म्हणायचा पंधरा झालेत, आता तर व्याजासकट येणार.

१९ ऑक्टोबरला पर्थ. कॅप्टन बदलला, रोहितच्या जागी गिल आला, तरी टॉस गेला आणि सोळाशे गेले. २३ ऑक्टोबरला भाऊबीज होती आणि सकाळी साडेआठला अ‍ॅडलेडचा टॉस. निलेश मावसबहिणीकडे ओवाळून घ्यायला गेलेला, पाटावर बसलाय आणि एक डोळा मोबाईलवर. टॉस गेला, बत्तीसशे गेले आणि त्याचा चेहरा बघून ताईनं विचारलं काय झालं. तेव्हा कुठे घरच्या कुणाला तरी हे कळलं.

ही ताई ज्युनियर कॉलेजला स्टॅट्स शिकवते. तिनं तिथेच काही लेक्चर दिलं नाही, एवढंच म्हणाली की शनिवारच्या मॅचला लावू नकोस, रविवारी ये. हा दुसरा निर्णयाचा क्षण. निलेशनं हो म्हटलं आणि शनिवारी २५ तारखेला सिडनीला चौसष्टशे लावले. अठरावा टॉस, तोही गेला.

एकूण गेले १२,७५०. आणि त्याच्याच नियमाप्रमाणे पुढच्या वनडेला, रांचीला, लावायचे होते १२,८००. मुलीच्या शाळेच्या दुसऱ्या टर्मची फी साधारण तेवढीच होती हे वहिनींना अजून माहीत नव्हतं.

## गाठ नेमकी कुठे होती

रविवारी मीही गेलो होतो, निलेशनंच ओढून नेलं, साक्षीदार म्हणून की काय कोण जाणे. ताईनं आधी त्याला त्याचं गणित मांडायला लावलं. हे मला फार आवडलं, कारण आपण सगळे "अरे असं काही नसतं" म्हणून मोकळे होतो आणि समोरच्याचं गणित कधी ऐकतच नाही.

निलेशचं गणित असं. अठरा वेळा सलग काटा पडायची शक्यता म्हणजे अर्ध्याचं अर्ध असं अठरा वेळा, म्हणजे २,६२,१४४ मध्ये एकदा. एकोणिसावाही काटा पडायची शक्यता ५,२४,२८८ मध्ये एकदा. म्हणजे रांचीला काटा पडणं जवळजवळ अशक्य. मग लावायला काय हरकत आहे?

ताई म्हणाली तुझा गुणाकार अगदी बरोबर आहे, प्रश्न चुकीचा आहे. पाच लाखात एक हे उत्तर अहमदाबादच्या टॉसच्या आधी, १९ नोव्हेंबर २०२३ ला कुणी विचारलं असतं की इथून पुढचे एकोणीसच्या एकोणीस हरू का, त्याचं. आज अठरा होऊन गेलेत. त्यात आता नशिबाचा भाग उरलेला नाही, ते घडलंय, डायरीत लिहिलंय. उरलाय फक्त एक टॉस आणि त्याचं उत्तर निम्मं-निम्मं.

मग तिनं कागदावर दोन ओळी लिहिल्या. एकीत अठरा "का" आणि शेवटी एक "छ", दुसरीत एकोणीस "का". विचारलं, यातली कुठली ओळ जास्त अवघड? निलेश लगेच म्हणाला दुसरी. ताईनं बोटानं एकेक अक्षर मोजत दाखवलं की दोन्ही ओळींना एकोणीसच पायऱ्या आहेत, प्रत्येक पायरीला निम्मं, म्हणजे दोन्ही ओळी ५,२४,२८८ त एक, अगदी सारख्या दुर्मिळ. "सलग काट्यांनंतर छापा" ही ओळ आपल्याला नॉर्मल दिसते म्हणून ती सोपी वाटते, एवढंच. निलेश बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसला.

इथे आणखी एक गाठ होती आणि ती पैशाशी जास्त जवळची. निलेशनं खेळ सुरू केला तेव्हा दहा टॉस आधीच गेलेले होते. तो मनात अठराचा आकडा धरून बसला होता, पण त्याच्या खिशाला लागू होते ते फक्त आठ. सलग आठ हरायची शक्यता २५६ त एक. दुर्मिळ आहे, पण अडीच लाखात एक आणि अडीचशेत एक यात किती फरक आहे बघा. आधीचे दहा काटे त्याला संरक्षण देतायत असं त्याला वाटत होतं आणि ते काहीच देत नव्हते.

आता क्रिकेट बघणारा माणूसच यात जास्त का अडकतो, याबद्दल माझं एक मत आहे. क्रिकेटमध्ये बाकी जवळजवळ सगळ्या गोष्टींना आठवण असते. बॉल जुना होतो, पिच तुटत जातं, बोलर दहाव्या ओव्हरला दमलेला असतो, बॅट्समन फॉर्मात असतो किंवा नसतो. मागच्या तासात काय झालं ते बघून पुढचं सांगणं हेच तर आपलं काम. कॉमेंट्रीतही सारखं ऐकू येतं की अमका आता मोठ्या इनिंगसाठी ड्यू आहे. त्या सगळ्या खेळात टॉस ही एकच गोष्ट अशी आहे की जिला मागचं काही म्हणजे काही माहीत नसतं, आणि आपण तिलाही तोच चष्मा लावतो.

ताईनं हाउजीचं उदाहरण दिलं. गणपतीत सोसायटीच्या हाउजीत तुझा एकच नंबर राहिलाय आणि तो अजून निघाला नाहीये, तर प्रत्येक नंबर निघाला की तुझा निघायची शक्यता खरोखर वाढते, कारण निघालेली सोंगटी परत पिशवीत जात नाही. तिथे "आता निघायलाच पाहिजे" हे शंभर टक्के खरं आहे. टॉसमध्ये दर वेळी सगळं पिशवीत परत जातं.

आणि इथे तर नाणंसुद्धा तेच नव्हतं! अठरा टॉसमध्ये तीन कॅप्टन झाले, बारा रोहितचे, तीन राहुलचे, तीन गिलचे. भारतात मॅच असेल तर आपला कॅप्टन उडवतो आणि पाहुणा कॉल करतो, ऑस्ट्रेलियात उलट. म्हणजे कधी आपला अंदाज चुकला, कधी समोरच्याचा बरोबर आला, वेगवेगळ्या देशात, वेगवेगळ्या नाण्यांवर. हिशेब चुकता करायची जबाबदारी यातलं नेमकं कोण घेणार होतं?

## पर्याय काय होते

त्या दुपारी टेबलावर चार पर्याय आले.

पहिला, नियमाप्रमाणे रांचीला १२,८०० लावायचे. निलेशचा जीव यातच होता. याचं म्हणणं तो फार मनापासून मांडत होता की इथवर येऊन थांबलो तर गेलेले गेले, आणि एक छापा पडला तर सगळे परत. ताईनं मग डबल करायच्या नियमाचाच हिशेब मांडला. सुरुवातीला, बांगलादेशच्या आधी उभं राहून बघ. आठ टॉसपर्यंत ताणायची तुझी ऐपत. २५६ वेळा हा खेळ खेळलास तर सरासरी २५५ वेळा कुठेतरी छापा पडतो आणि तुला पन्नास रुपये सुटतात, एकदा आठही जातात आणि १२,७५० जातात. आता २५५ गुणिले ५० कर. निलेशनं मोबाईलवर केलं. उत्तर आलं १२,७५०. बरोब्बर तेवढेच. नियमानं त्याला काहीच मिळवून दिलं नव्हतं, फक्त पुष्कळ छोटे फायदे आणि एक मोठा खड्डा असं वाटप करून ठेवलं होतं, आणि तो खड्डा त्याच्या वाट्याला पहिल्याच फेरीत आला. नववी पायरी चढली असती तर खड्डा २५,५५० चा झाला असता, बाकी काही बदललं नसतं.

दुसरा पर्याय माझ्याच तोंडून निघाला, की मग उलटं लाव ना, भारत हरणार म्हणून, चालूच आहे तर. ताई हसली. म्हणाली ही त्याच चुकीची दुसरी बाजू, एक म्हणतो आता बदलणार, दुसरा म्हणतो आता असंच चालणार, दोघंही नाण्याला आठवण आहे असं धरून चाललेत. पण ती एक गोष्ट म्हणाली ती महत्त्वाची आहे. अठरा टॉस बघून जर कुणाला शंका घ्यायचीच असेल, नाण्यात किंवा पद्धतीत काहीतरी गडबड आहे अशी, तर ती शंका "पुढचाही हराल" याच दिशेला नेते. "पुढचा जिंकाल" या दिशेला नेणारा कुठलाच रस्ता नाही. म्हणजे निलेशची बाजू ही सगळ्यात कच्ची बाजू होती.

मग नाण्यात गडबड असते का? थोडी असते म्हणे. हातानं उडवलेलं नाणं उडवताना जी बाजू वर होती त्याच बाजूवर किंचित जास्त वेळा पडतं. गणितज्ञ पर्सी डायकोनिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये हे गणितानं मांडलं, आणि नंतर युरोपातल्या एका गटानं नाणी खरोखर ३,५०,७५७ वेळा उडवून बघितली तेव्हा ५०.८ टक्के वेळा सुरुवातीचीच बाजू आली. पण कॉल करणाऱ्या कॅप्टनला उडवणाऱ्याच्या अंगठ्यावर कुठली बाजू वर आहे ते दिसलं तरच याचा उपयोग, आणि तेव्हाही शंभरातून एखाद्या टॉसचा फरक. अठरा हरायचं कारण हे नव्हे.

तिसरा पर्याय, डबल बंद, दर वेळी पन्नासच लावायचे, मजेपुरते. चौथा, पूर्ण बंद.

या चारही पर्यायांमध्ये पुढच्या टॉसची शक्यता तीच होती, निम्मी-निम्मी. फरक होता तो फक्त चुकल्यावर किती लागेल याचा. हे एकदा कागदावर आल्यावर निवड सोपी व्हायला हवी होती, पण निलेश अजूनही पहिल्या पर्यायावरून उठत नव्हता. आणि इथे मला कळलं की गाठी दोन आहेत. एक नाण्याबद्दलच्या समजुतीची, दुसरी गेलेले पैसे वसूल करायच्या ओढीची. पहिली सुटली तरी दुसरी आवळलेलीच राहते. ताईनं दुसरीसाठी एकच प्रश्न विचारला, तुझे काहीच गेले नसते आणि कुणी आज नव्यानं येऊन विचारलं असतं की एका टॉसवर १२,८०० लावतोस का, तर काय म्हणाला असतास? निलेश म्हणाला येडा आहे का मी.

## काय केलं

तरी त्याला डोळ्यानं बघायचं होतं. मग पाच रुपयांचं नाणं घेतलं आणि दोनशे वेळा उडवायचं ठरलं. ताईची अट एवढीच की आधी अंदाज लिहायचा. तीन काटे लागोपाठ पडले की त्यानंतरच्या टॉसकडे बघायचं, त्यातले किती छापे येतील? निलेशनं लिहिलं, शंभरात सत्तर तरी. सिंहाची बाजू छापा. मी उडवत होतो, निलेश लिहीत होता, ताईची मुलगी खाली पडलेलं नाणं सोफ्याखालून काढून देत होती.

तीन काट्यांनंतरचा टॉस तेवीस वेळा आला. त्यात छापे अकरा, काटे बारा. शिवाय त्या दोनशेत एके ठिकाणी सात काटे सलग पडले आणि तेव्हा कुणी काही मुद्दाम केलेलं नव्हतं. निलेशला आकड्यांपेक्षा हे सात काटे जास्त लागले. दोनशे टॉसमध्ये अशी सहा-सातची रांग सहज सापडते. ताई म्हणाली वर्गात मी हेच करते, निम्म्या मुलांना नाणं उडवून लिहायला सांगते आणि निम्म्यांना मनानं बनवून, आणि मनानं बनवलेले कागद लगेच ओळखू येतात, कारण त्यात चारच्या पुढे रांग जातच नाही, मुलं घाबरून बदलून टाकतात.

आता तेवीसात अकरा हा काही भक्कम पुरावा नव्हे हे तीही म्हणाली, एवढ्या छोट्या नमुन्यात तेरा-चौदाही आले असते. पण सत्तर टक्के खरं असतं तर सोळाच्या आसपास यायला हवे होते.

संध्याकाळी निलेशनं काकांना फोन केला की बंद. काका म्हणाले मी तर कधीचा वाट बघत होतो, आणि पैसे परत द्यायची तयारी दाखवली. निलेशनं घेतले नाहीत. शेवटी ते पैसे कंपनीच्या टीमच्या किटला द्यायचं ठरलं. वहिनींना त्यानं त्याच रात्री सांगितलं, त्याचा तपशील मला माहीत नाही आणि विचारलाही नाही.

## पुढे काय झालं

३० नोव्हेंबरला रांची, समोर दक्षिण आफ्रिका. राहुल कॅप्टन, टॉस हरला. ३ डिसेंबरला रायपूर, पुन्हा हरला, सलग वीस. निलेश थांबलेला होता, खुशीत होता. एवढ्यावर गोष्ट संपली असती तर हे प्रकरण अगदी छान बसलं असतं.

पण ६ डिसेंबरला विशाखापट्टणमला राहुलनं नाणं डाव्या हातानं उडवलं, त्यांच्या कॅप्टनचा, बवुमाचा कॉल चुकला आणि दोन वर्षांनी भारत वनडेत टॉस जिंकला. दुसऱ्याच मिनिटाला ग्रुपवर निलेशचा मेसेज. "बघा! मी म्हणत होतो ना. ड्यूच होतं." महिनाभराची मेहनत एका टॉसमध्ये वाहून गेली.

या समजुतीची हीच खरी अडचण आहे. तिला चूक ठरायची सोय नाही. काटा पडला तर "अजून जास्त ड्यू" आणि छापा पडला तर "बघा, ड्यू होतं". छापा आज ना उद्या पडतोच, त्यामुळे शेवटचा शब्द नेहमी तिचाच.

सोमवारी काकांनी डायरी काढली आणि पुढच्या ओळी पेन्सिलनं भरून दाखवल्या. समज तू थांबला नसतास. रांचीला १२,८०० गेले असते, रायपूरला २५,६०० गेले असते. एकूण गेलेले ५१,१५०. विशाखापट्टणमला लावायला लागले असते ५१,२००. जिंकलास, ५१,२०० मिळाले. हातात उरले किती? पन्नास रुपये. अकरा टॉस, साडेनऊ महिने, शेवटी एका दुपारी अर्ध्या लाखाची जोखीम, आणि अंदाज "बरोबर" आल्यावर पन्नास. वर काका म्हणाले, आणि रांचीचे बारा हजार मी घेतलेच नसते, मला बीपी आहे.

निलेश हसला. पण मग म्हणाला, बरं, आता वीस हरलोय तर बरोबरीसाठी पुढे तेवढे जिंकायला पाहिजेत ना? शेवटी सगळं फिफ्टी-फिफ्टी होतं म्हणतात.

हे मी ताईला कळवलं आणि तिनं त्याला जॉन केरिचची गोष्ट सांगितली. हा दक्षिण आफ्रिकेतला गणितज्ञ, दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी डेन्मार्क घेतलं तेव्हा तिथे अडकला आणि नजरकैदेत बसून त्यानं नाणं १०,००० वेळा उडवून सगळं लिहून ठेवलं. पहिल्या शंभरात छापे ४४, म्हणजे निम्म्याला सहा कमी. दहा हजारांच्या शेवटी ५,०६७, म्हणजे निम्म्याला ६७ जास्त. टक्क्यात बघितलं तर ४४ वरून ५०.६७, एकदम निम्म्याजवळ. पण संख्येत बघितलं तर अंतर सहाचं सदुसष्ट झालं! नाण्यानं मागचं काही फेडलं नाही, पुढच्या हजारो टॉसमध्ये मागचं विरघळून गेलं. भारत पुढचे हजार टॉस साधे निम्मे-निम्मे खेळला तरी हे वीस तसेच मागे पडलेले राहतील आणि टक्का ४९ च्या आसपास येऊन बसेल, एकही जास्तीचा टॉस न जिंकता.

आणि वीस हरणं खरंच एवढं अचाट आहे का, हा काकांचा प्रश्न. एकाच टीमच्या, आधीच ठरवलेल्या वीस टॉससाठी १०,४८,५७६ त एक. पण आपण भारत आणि ही वर्षं आधी कुठे ठरवली होती? साडेचार हजारांहून जास्त वनडे झाल्यात, दर मॅचला दोन टीम, म्हणजे अशी रांग सुरू व्हायला नऊ हजारांहून जास्त जागा. रांग सुरू व्हायला आधीचा टॉस जिंकलेला हवा आणि मग वीस हरलेले, असं धरून ढोबळ हिशेब केला तर वनडेच्या इतिहासात कुठेतरी, कुणाच्या तरी नशिबी अशी रांग यायची शक्यता सव्वादोनशेत एक येते. दुर्मिळ आहेच. दहा लाखांचा चमत्कार नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी मार्च ते ऑक्टोबरची होती. तेव्हा निलेशला एकच गोष्ट लिहून द्यायला सांगायला हवी होती, की कितवा टॉस हरलास तर तुझी समजूत चुकली असं तू मानशील? तो आकडा त्याला सांगता आला असता तर तिथे थांबला असता, आणि सांगता आला नसता तर तेवढ्यावरूनच त्याला काहीतरी कळलं असतं. विशाखापट्टणमनंतर हा प्रश्न विचारून उपयोग नव्हता.

डबलचा नियम ठरला त्याच दिवशी दहा पायऱ्यांचे आकडे डायरीत लिहायला हवे होते. पन्नास, शंभर, दोनशे वाचताना कुणाला काही वाटत नाही, दहावी पायरी २५,६०० ची आहे हे दिसलं असतं तर चहाच्या टेबलावरच हसून विषय संपला असता. काकांनीही पहिल्याच दिवशी पाचशेच्या वर घेणार नाही म्हणायला हवं होतं, ते त्यांनीच नंतर बोलून दाखवलं.

ताईचं म्हणणं थोडं वेगळं आहे. तिच्या मते नाण्याचा प्रयोग सिडनीनंतर नको होता, कारण तेव्हा निलेश निकालाकडे बघत नव्हता, गेलेल्या पैशाकडे बघत होता. पैसे गुंतलेले नसताना, मार्चमध्ये, दोनशे टॉस उडवले असते तर सात काट्यांची रांग त्याच्या जास्त कामी आली असती. मला हे पटतं, पण मार्चमध्ये १५५० रुपयांसाठी आम्ही कुणी ताईपर्यंत गेलो असतो असं वाटत नाही.

निलेशचं सध्याचं धोरण असं आहे की टॉसवर पैसे नाहीत, अंदाज सांगायचा हक्क राखून. नवी सिरीज आली की काका डायरी उघडतात, निलेश छापा किंवा काटा सांगतो, आणि समोर रकमेच्या जागी काका रेघ मारतात.